वाढले ५९ रुपये, उरला दीड

पहिल्या नोकरीला वर्ष झालं की घरी एक फोन येतो. "आई, पगार वाढला! बाराचे तेरा झाले." मग पेढे येतात, शेजारच्या काकू विचारतात, मित्र पार्टी मागतात. कारंजातून नागपूरला किंवा बुटीबोरीला गेलेल्या कुणाच्याही घरी हे चित्र ओळखीचं आहे. आनंद व्हायलाच हवा. पण त्या फोनवर दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही, "वर्षभरात तुझा खर्च कितीने वाढला रे?"

हजार रुपये वाढले म्हणजे जवळपास साडेआठ टक्के. त्याच वर्षात खोलीचं भाडं, मेसचा डबा, गाडीभाडं, रिचार्ज सगळं मिळून पाच टक्क्यांनी वाढलं असेल, तर बारा हजारांत जे भागत होतं त्यालाच आता १२,६०० लागतात. म्हणजे हजारातले सहाशे जुन्या जागेवर उभं राहण्यातच गेले. खरी वाढ चारशेची. आणि खर्च दहा टक्क्यांनी वाढला असेल तर त्याच कामाला १३,२०० लागतात. म्हणजे पेढे वाटले त्या दिवशी पगार प्रत्यक्षात दोनशेने कमी झालेला होता.

पगाराचा आकडा बघायचा आणि त्या आकड्यात काय येतं हे बघायचं नाही, या सवयीला अर्थशास्त्रात 'मनी इल्युजन' म्हणतात. मराठीत पैशाचा भ्रम म्हणू. हे पुस्तकातलं प्रकरण आहे असं वाटत असेल, तर आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही गावात ज्याचा दर तोंडपाठ असतो असं एक उदाहरण घेऊ. रोजगार हमीची मजुरी.

हे उदाहरण घेण्याचं कारण साधं आहे. खासगी कंपनीत कुणाला किती वाढ मिळाली हे कुणी सांगत नाही. रोहयोचा दर मात्र या वर्षांत सरकार दरवर्षी जाहीर करत होतं, तो संपूर्ण महाराष्ट्राला एकच होता आणि १ एप्रिलपासून लागू होत होता. त्यामुळे लपवाछपवीला जागा नाही. शिवाय रोजगार हमी ही कल्पनाच महाराष्ट्राची. आपला कायदा १९७७ चा, देशाचा २००५ चा.

महाराष्ट्रातला दिवसाचा दर असा गेला: २०२० मध्ये २३८ रुपये, २०२१ मध्ये २४८, २०२२ मध्ये २५६, २०२३ मध्ये २७३ आणि २०२४ मध्ये २९७. दरवर्षी वाढ. एकदाही कपात नाही. चार वर्षांत ५९ रुपये वाढले, म्हणजे जवळजवळ २५ टक्के. बातमीचा मथळा काय होईल? 'मजुरीत भरघोस वाढ.' आणि मथळा खोटाही नाही.

आता दुसरी बाजू बघा. देशातली किरकोळ महागाई २०२१-२२ मध्ये सरासरी ५.५ टक्के होती, २०२२-२३ मध्ये ६.७, २०२३-२४ मध्ये ५.४ आणि २०२४-२५ मध्ये ४.६. यांची नुसती बेरीज करून चालत नाही, कारण दुसऱ्या वर्षीची महागाई पहिल्या वर्षीच्या वाढलेल्या किमतीवर बसते. चक्रवाढ व्याजासारखंच. तसा हिशेब केला की चार वर्षांत किमती सुमारे २४ टक्क्यांनी वाढल्या.

म्हणजे २०२० मध्ये २३८ रुपयांत जो किराणा येत होता, तोच आणायला २०२४-२५ मध्ये साधारण २९५ रुपये ४० पैसे लागत होते. मजुरी होती २९७. एकोणसाठ रुपयांच्या वाढीतून महागाईने सत्तावन्न-साडेसत्तावन्न आधीच काढून घेतले. मजुराच्या हाती खरी वाढ आली ती दिवसाला दीड रुपयाची. चार वर्षांनी!

पण खरी गंमत, गंमत कसली, खरं दुखणं मधल्या वर्षांत आहे. २०२० ची पातळी टिकवायची तर २०२१ मध्ये मजुरी २५१ हवी होती. मिळाली २४८. तीन रुपये कमी. २०२२ मध्ये २६८ हवी होती, मिळाली २५६. बारा रुपये कमी. २०२३ मध्ये २८२ हवी होती, मिळाली २७३. नऊ रुपये कमी. चौथ्या वर्षी, २४ रुपयांची मोठी वाढ झाली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

एखाद्या घराने या तीन वर्षांत दरवर्षी शंभर दिवस काम केलं असेल, तर त्यांचे सुमारे २,४०० रुपये असे नुसते विरघळून गेले. कुणी कापले नाहीत, कुणी चोरले नाहीत. प्रत्येक वर्षी दर 'वाढलाच' होता. चौथ्या वर्षी दर जुन्या पातळीला पोचला, पण मागचे २,४०० काही परत आले नाहीत.

आणि हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं. २०१८ मध्ये महाराष्ट्राचा दर होता २०३ रुपये. २०१९ मध्ये तो २०६ झाला. तीन रुपये वाढ, दीड टक्का. त्या वर्षी महागाई सरासरी ४.८ टक्के राहिली. म्हणजे जुन्या जागी राहायलाही जवळपास २१३ रुपये हवे होते.

तुम्ही म्हणाल, मजुरी तर महागाईच्या निर्देशांकाला जोडलेली होती ना? हो, २०११ पासून होती. शेतमजुरांसाठी वेगळा ग्राहक किंमत निर्देशांक असतो, त्यावरून दर ठरत होता. मग घोळ कुठे झाला? दोन जागी.

पहिली जागा वेळेची. मार्च महिन्यात दर जाहीर व्हायचा तेव्हा हाताशी आकडे असायचे ते मागच्या काळातल्या महागाईचे. मजुरी मात्र पुढच्या बारा महिन्यांत खर्च होणार असायची. महागाई एकसारखी असेल तर फारसा फरक पडत नाही. पण ती अचानक वर गेली की मजुरी एक वर्ष मागून धापा टाकत येते. २०२२ मध्ये नेमकं तेच झालं. मागच्या वर्षाकडे बघून आठ रुपये वाढवले आणि पुढच्या वर्षी महागाई ६.७ टक्क्यांवर गेली.

दुसरी जागा टोपलीची. निर्देशांक म्हणजे एक ठरावीक टोपली असते. इतकी ज्वारी, इतकं तेल, इतकं कापड, इतकं जळण. त्या टोपलीची किंमत दर महिन्याला मोजायची. शेतमजुरांच्या ज्या निर्देशांकावरून वर सांगितलेले दर ठरले, त्याची टोपली १९८३ च्या पाहणीवर भरलेली होती. जवळपास सत्तर टक्के वजन एकट्या खाण्यापिण्याला. १९८३ मध्ये मजुराच्या घरात मोबाईल नव्हता, मोटारसायकल नव्हती, पोरीच्या क्लासची फी नव्हती. आज हे सगळं आहे, पण टोपलीत नव्हतं. हे बदलावं असं केंद्राच्याच समित्यांनी सुचवलं होतं. म्हणजे दर ठरवणाऱ्यालाही अडचण माहीत होती.

यात आणखी एक मर्यादा लक्षात ठेवू. मी वर जी महागाई वापरली ती सगळ्या देशाची सरासरी आहे. कारंजातल्या एखाद्या घराची महागाई तिच्यापेक्षा कमी किंवा जास्त असू शकते. आणि दर म्हणजे उत्पन्न नाही. रोहयोत मोजमापाप्रमाणे पैसे मिळतात, काम किती दिवस निघतं त्यावर वर्षाची कमाई ठरते. पण मुद्दा तसाच राहतो: नुसता दराचा आकडा बघून कुणाचं बरं चाललंय की वाईट, हे कळत नाही.

आता प्रश्न असा की आपण एवढे कसे फसतो? दीड रुपया कुठे आणि एकोणसाठ कुठे! याचं फार सुंदर उत्तर १९८६ मध्ये डॅनियल कानेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर या तिघांनी शोधलं. (कानेमन आणि थेलर यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) त्यांनी कॅनडातल्या लोकांना फोन करून दोन प्रसंग सांगितले. एका गटाला सांगितलं, एका कंपनीला थोडाच नफा होतोय, गावात बेरोजगारी आहे, महागाई अजिबात नाही आणि कंपनीने पगार ७ टक्क्यांनी कापला. हे योग्य वाटतं का? ६२ टक्के लोक म्हणाले, अन्याय आहे. दुसऱ्या गटाला सांगितलं, सगळं तसंच, फक्त महागाई १२ टक्के आहे आणि कंपनीने पगार ५ टक्के वाढवला. ७८ टक्के लोक म्हणाले, चालेल की!

बारातून पाच वजा करा. दोन्हीकडे कामगाराचं नुकसान साधारण सात टक्क्यांचंच आहे. एकीकडे लोक चिडले, दुसरीकडे मान डोलावली. कारण कपात दिसते, महागाई दिसत नाही. पगार एका दिवशी, एका स्लिपवर, एका आकड्यात येतो. महागाई मात्र तुकड्यातुकड्यांत येते. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं. जुलै २०२४ मध्ये २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा २३९ चा रिचार्ज २९९ चा झाला. आपण दोनचार दिवस कुरकुर केली आणि विसरलो. या सगळ्या तुकड्यांची बेरीज आपल्या डोक्यात कुणी करत नाही.

आणि हे ज्याला ठाऊक असतं, त्याचं काम सोपं होतं. कुठलाही मालक सहसा पगार कापत नाही. बोंब होईल. तो फक्त कमी वाढवतो, किंवा वर्षानुवर्षं वाढवतच नाही.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागतं. प्लेसमेंटचं पॅकेज. दहा-बारा वर्षांपूर्वी मोठ्या आयटी कंपन्या नवीन इंजिनिअरला साधारण सव्वातीन लाखांच्या आसपास देत होत्या. आजही बहुतेकांचं सुरुवातीचं पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतंय. घरच्यांना वाटतं, "दादाला सव्वातीन मिळाले होते, हिला साडेतीन मिळाले, बरंच झालं."

हिशेब करा. २०१४-१५ पासून २०२४-२५ पर्यंत किमती सुमारे ६२ टक्क्यांनी वाढल्या. दादाच्या सव्वातीन लाखांत जे आयुष्य चालत होतं, तेच चालवायला आता सव्वापाच लाखांहून जास्त लागतात. उलटीकडून बघितलं तर तुमचे साडेतीन लाख म्हणजे दादाच्या वेळचे सव्वादोन लाखही भरत नाहीत. डिग्री तीच, काम तेच, कदाचित जास्तच. पगार मात्र तिसऱ्या हिश्श्याने कमी. आणि तरी कुणालाच राग आलेला नाही, कारण आकडा खाली गेलेला नाही.

याउलट आपल्याकडे एक वर्ग असा आहे ज्याचा पगार महागाईसोबत हलतो. सरकारी नोकर. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, महागाई भत्ता बदलतो. गावात लगेच चर्चा होते, "गुरुजींचा पगार पुन्हा वाढला!" हासुद्धा भ्रमच आहे, फक्त उलट्या बाजूने. महागाई भत्ता ही बक्षिसी नाही. बादलीला भोक आहे आणि जितकं पाणी गळलं तितकं परत ओतलं, एवढंच. ओतणं थांबलं की काय होतं तेही दिसलं आहे. कोरोनाच्या काळात केंद्र सरकारने या भत्त्याचे तीन हप्ते गोठवले होते. जुलै २०२१ मध्ये भत्ता १७ वरून एकदम २८ टक्के केला, पण मधल्या काळाची थकबाकी दिली नाही. मथळा पुन्हा तोच, 'घसघशीत वाढ'.

गुरुजींचा हेवा करण्यापेक्षा हा प्रश्न विचारायला हवा, की भोक तर सगळ्यांच्या बादलीला आहे, मग परत पाणी ओतण्याची सोय थोड्यांनाच का? दुकानात काम करणारा, खासगी शाळेत शिकवणारी, कंत्राटावर राबणारा, यांच्या करारात महागाईचा शब्दच नसतो.

इथे या पानाची भूमिका स्पष्ट सांगते. सरकार असो, संस्था असो की कंपनी, जो कुणी 'वाढ' जाहीर करेल त्याने त्याच ओळीत त्या काळातली महागाईही सांगावी. 'मजुरीत आठ रुपये वाढ' एवढंच सांगणं अपुरं आहे. 'मजुरीत ३.२ टक्के वाढ, महागाई ६.७ टक्के' असं सांगितलं की कुणालाही कळतं, अगदी हिशेब न येणाऱ्यालाही. आणि हे लिहिण्याची पहिली जबाबदारी आम्हा बातम्या लिहिणाऱ्यांची आहे. आम्हीही आजवर मथळ्यात मोठा आकडाच टाकत आलो.

राहिला तुमचा भाग. तो फार अवघड नाही. केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास किरकोळ महागाईचा आकडा जाहीर करतं. त्यात राज्यांचे आकडेही असतात, महाराष्ट्राचाही. तुमचा जुना पगार घ्या, त्यावर वर्षभराच्या महागाईचे टक्के चढवा. जो आकडा येईल ती तुमची शून्य रेषा. नवा पगार तिच्या वर असेल तर वाढ, खाली असेल तर कपात, स्लिपवर काहीही लिहिलेलं असो.

मग स्वतःची टोपली भरा. घरापासून दूर खोली करून राहत असाल तर तुमच्या खर्चात भाडं आणि डबा हेच अर्ध्याहून जास्त असतील, आणि सरकारी सरासरी तुम्हाला लागू पडणार नाही. मागच्या वर्षीच्या याच महिन्याचे आणि या महिन्याचे यूपीआयचे व्यवहार उघडून पाच मोठे खर्च समोरासमोर लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि एक चूक टाळा. 'महागाई घटली' अशी बातमी आली की लोकांना वाटतं वस्तू स्वस्त झाल्या. तसं नसतं. महागाई सहावरून चारवर आली म्हणजे किमती अजूनही चढतायत, फक्त हळू. पण अशाच काळात लहान दिसणारी वाढ खरी असू शकते. २०२५ मध्ये रोहयोचा दर २९७ वरून ३१२ झाला, फक्त १५ रुपये, पाच टक्के. आधीच्या वर्षीच्या २४ रुपयांपुढे हा आकडा फिका वाटतो. पण त्या वर्षी महागाई खूप उतरली, ऑक्टोबरमध्ये तर ती पाव टक्क्यावर आली होती. म्हणजे पंधरा रुपयांतले बरेचसे मजुराकडे टिकले. मोठी वाढ चांगली आणि लहान वाढ वाईट, हेही आकड्याच्या भुलीचंच दुसरं रूप.

मुलाखतीत एचआर शेवटी विचारते, "काही प्रश्न?" बहुतेक जण मान हलवून उठतात. तुम्ही एवढंच विचारा, "मागच्या तीन वर्षांत इथे सरासरी वाढ किती टक्के झाली?" उत्तर मिळालं तर शून्य रेषा काढता येईल. नाही मिळालं, तर तेही उत्तरच आहे.

आणि पुढच्या वेळी घरी फोन केलात, तेव्हा पेढे जरूर वाटा. फक्त आईने "किती वाढले?" असं विचारलं की बाराचे तेरा सांगून थांबू नका. तिला सांगा, त्यातले खरे किती. तिला समजतं. तेलाचा डबा मागच्या दिवाळीला केवढ्याला होता आणि आज केवढ्याला आहे, हे घरात तिच्याइतकं कुणालाच पाठ नसतं.